मृत्युपत्र आणि त्याचे साक्षीदार



आपल्या अष्टागरात पुष्कळ घरांतून वाडीचे मृत्युपत्र ट्रंकेत जपून ठेविलेले असते, आणि ‘ते रजिस्टर नाही, सबब त्यास किंमत नाही’ असे सर्रास बोलले जाते. हे बोलणे बरोबर नव्हे. 1908 च्या नोंदणी कायद्याने मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक ठेविली आहे; स्टँपाचा कागदही लागत नाही. मात्र मृत्युपत्र कायदेशीर असणे आणि ते न्यायालयात शाबीत होणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

1 जानेवारी 1927 पूर्वी आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात हिंदूने तोंडी सांगितलेले मृत्युपत्रही चालत असे. त्या तारखेपासून लेख, कर्त्याची सही वा अंगठा आणि निदान दोन साक्षीदार आवश्यक झाले. भारतीय वारसा कायद्याचे कलम 63 म्हणते की, प्रत्येक साक्षीदाराने कर्त्यास सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझी’ असे कर्त्याने त्यास स्वतः सांगितलेले असावे. आणि साक्षीदाराने आपली सही कर्त्यासमक्ष करावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. आतील मजकूर साक्षीदारास ठाऊक असण्याचेही कारण नाही.

आता समजा, वडिलांनी नागावची वाडी धाकट्या मुलास लिहून दिली. त्यांच्या पश्चात मुंबईचा थोरला फेरफारास हरकत घेतो आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते. तेथे धाकट्याने निदान एक साक्षीदार उभा केला पाहिजे. त्या साक्षीदाराने ‘वडिलांनी माझ्यासमोर सही केली, मीही त्यांच्यासमोर केली’ एवढेच सांगितले, तर काम भागेल काय? आमच्या समजुतीप्रमाणे, येथेच बहुतेकांची फसगत होते. भोईर विरुद्ध कदम या आपल्या महाराष्ट्रातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2002 मध्ये स्पष्ट केले की, एकच साक्षीदार तपासला तरी चालेल, परंतु दुसऱ्या साक्षीदारानेही कर्त्यासमक्ष रीतसर सही केली हे त्याच्या तोंडून आले पाहिजे. तेथे ते आले नाही, हयात असलेल्या दुसऱ्या साक्षीदारास बोलाविलेही नाही. आणि मृत्युपत्र शाबीत झाले नाही. पुराव्याचा जुना कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा दंडक कायम आहे.

दोन्ही साक्षीदार मरण पावले असल्यास निदान एकाचे हस्ताक्षर व कर्त्याची सही ओळखणारी माणसे आणावी लागतात. वाडीवरचे समवयस्क शेजारी साक्षीस घेण्याची आपली रीत म्हणूनच आम्हांस पसंत नाही. कर्त्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान, वाटणीत ज्यांना काही मिळावयाचे नाही, असे दोघे घ्यावेत, आणि त्यांचे पूर्ण पत्ते लिहून ठेवावेत. नोंदणी केलेली असली तरी हा साक्षीदार चुकत नाही. उपनिबंधकाच्या शिक्क्याने संशय कमी होतो, साक्ष टळत नाही.