पाचवीच्या मुलाला सांगून पाहा



बोदवडच्या या विज्ञान-भूगोल शिक्षक मेळाव्यात मला आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. आपण वर्गात किंवा सभेत दिलेलं व्याख्यान घ्यावं, त्याचं दहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगणाऱ्या संवादात रूपांतर करावं आणि त्यावरून आपल्याला तो विषय खरोखर कळला आहे का हे तपासावं. मुलाला शिकवणं हा यातला दुय्यम लाभ आहे. परीक्षा आपली आहे.

ही रीत आपल्या मातीला परकी नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० च्या सुमारास रचली. गणिताचा एवढा मोठा ग्रंथ, पण त्यातली काही उदाहरणं समोर बसलेल्या बालेला उद्देशून आहेत आणि तिला उत्तर ‘सांग’ म्हणून विचारलेलं आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ काढला. त्याची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख आपल्याच जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला आहे. नियम सांगून झाल्यावर समोरच्याकडून उत्तर काढून घेणं हे त्या ग्रंथाच्या बांधणीतच आहे. आपल्या व्याख्यानात नेमकं तेच गळून पडतं. आपण बोलतो, मुलं माना डोलावतात, आपण विचारतो ‘समजलं का?’, वर्ग ‘हो’ म्हणतो आणि तास संपतो.

२००२ साली येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पँटची चेन, कुलूप अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती कळतं, याचे गुण लोकांनी आधी स्वतःलाच दिले. मग त्यांना ते पायरीपायरीनं लिहायला लावलं. लिहून झाल्यावर पुन्हा गुण द्यायला सांगितले, तेव्हा ते खाली आले. नाव माहीत असणं, चित्र डोळ्यापुढे येणं यालाच आपण समज मानून बसतो. कारण सांगायची वेळ आली की खरी स्थिती उघडी पडते.

आता एक धडा घेऊन हे प्रत्यक्ष करून पाहू. बोदवडला पाण्यावाचून दुसरा विषय सुचणं कठीण, म्हणून भूजलच घेतो. व्याख्यानातलं नेहमीचं वाक्य असं असतं: “बेसॉल्ट खडकाची सच्छिद्रता व पारगम्यता कमी असल्याने दख्खनच्या पठारावर भूजलसाठा मर्यादित आहे, याउलट तापीच्या गाळाच्या प्रदेशात तो विपुल आहे.” वाक्यात चूक काही नाही. हे फळ्यावर लिहून देता येतं, परीक्षेत पूर्ण गुणही मिळतात.

या संवादाची संहिता लिहायला बसताना पहिलं काम म्हणजे टिपणं मिटून बाजूला ठेवणं. दुसरं, सबंध व्याख्यानातून एकच प्रश्न उचलणं, तोही मुलाच्या तोंडचा. पस्तीस मिनिटांच्या तासातला सगळा मजकूर आणायला गेलात तर हाती फक्त सारांश येईल. मोठ्यानं वाचायला पाच-सहा मिनिटं लागतील एवढीच, दोन पानांची संहिता पुरे. तिसरं असं की, गोष्ट कशी घडते हे सांगून होईपर्यंत तिची पारिभाषिक संज्ञा वापरायची नाही. आधी क्रिया, मग नाव. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलाची वाक्यं मन लावून लिहायची. मूल तुमच्या घरच्या बोलीत बोललं तर फारच चांगलं. तावडीत किंवा लेवा गणबोलीत विचारलेल्या प्रश्नाला पुस्तकी वाक्याचं उत्तर देताना आपली जीभ आपोआप अडखळते.

सुरुवात अशी होते.

मूल: सर, दगड तर घट्ट असतो. मग त्यात पाणी राहतं कुठं?

शिक्षक: अखंड दगडात नाही राहत. विहिरीचा काठ पाहिलास ना? वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला दगड आणि तळाला काळा पाषाण. पावसाचं पाणी उतरतं ते मुरमात आणि भेगांत थांबतं.

मूल: आणि माझ्या मामाकडं, रावेरला?

शिक्षक: तिकडं तापीनं आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी वाळू-गोटे आणून खूप जाड थर टाकलेत. दोन गोट्यांमध्ये फट, दोन कणांमध्ये फट. त्यामुळे पाण्याला जागा भरपूर.

इथवर सगळं सुरळीत जातं. पुष्कळ जण इथंच थांबतात आणि संहिता झाली असं समजतात. पण मुलाला अजून एक वाक्य बोलू द्या.

मूल: आपल्या दगडात जागा कमी, म्हणजे पाणी कमी. मग पावसाळ्यात आमची विहीर भराभर वर कशी येते? मामाची तर येत नाही!

व्याख्यान या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. या ठिकाणी बहुतेकांच्या लेखणीतून “आपल्याकडं पाणी लवकर मुरतं” असं काहीतरी उतरतं. कारण म्हणून ते अपुरं आहे. खरं उत्तर आपल्याच वाक्यात दडलेलं आहे, फक्त आपण ते वाक्य शेवटपर्यंत विचार करून पाहिलेलं नसतं. भूजलाच्या मूल्यमापनात धरले जाणारे आकडे घ्या. शंभर लिटर आकारमानाच्या वाळूच्या गाळातून निथळून साधारण १६ लिटर पाणी हाती येतं. भेगाळ, झिजलेल्या बेसॉल्टमधून येतं साधारण २ लिटर. आता समजा दोन्हीकडे पावसाचं २० मिलिमीटर पाणी खोलवर मुरलं. वाळूत ते मावायला साडेबारा सेंटिमीटर जाडीचा थर पुरतो, म्हणजे तिथली पातळी अर्ध्या वितीएवढी वर येते. आपल्या दगडात तेवढंच पाणी ठेवायला एक मीटर जाडीचा थर लागतो, म्हणून पातळी एक मीटर चढते. पाणी सारखंच, चढ आठपट. आणि तेवढंच पाणी पंपानं उपसलं की पातळी एक मीटर उतरतेही.

म्हणजे लवकर भरणं आणि लवकर आटणं ही एकाच कारणाची दोन रूपं आहेत. भराभर चढणारी विहीर पाणी जास्त असल्याची खूण नाही, जागा कमी असल्याची आहे. मूल हे कबूल करतं, कारण त्यानं ते पाहिलेलं आहे. शिक्षकाला आपण फळ्यावर लिहिलेल्या वाक्याचा अर्थ इथं पहिल्यांदा पुरता लागतो. हा हिशोब तुलनेपुरता आहे, हेही संहितेत आलं पाहिजे. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात उपशामुळे पाणी फार खोल गेलं आहे आणि पावसाचं पाणी तिथवर उतरायला वेळ लागतो. साठा मोठा असला म्हणजे तो संपत नाही, असं मुलानं धरून चालू नये.

दुसरी खाच काळ्या मातीपाशी आहे. मूल विचारतं, “काळ्या मातीत एवढं पाणी राहतं, पेर सुकत नाही, मग तिच्यात विहीर खणली तर?” ज्यानं सच्छिद्रता आणि पारगम्यता हे शब्द जोडीनं पाठ केले आहेत तो इथं अडतो, कारण त्याच्या डोक्यात त्या दोन्ही एकच गोष्ट झालेल्या असतात. प्लास्टिकच्या दोन बाटल्यांचे बूड कापा, तोंडाला फडकं बांधून त्या उलट्या टांगा. एकीत बारीक खडी भरा, दुसरीत वाळवून कुटलेली काळी माती. दोन्हींत पेलाभर पाणी ओता. खडीतून जवळपास सगळं पाणी लगेच खाली येतं. मातीला पाणी लागलं की ती फुगते आणि आपल्याच वाटा बुजवते. पाणी आत राहतं, खाली फारसं येत नाही. पाणी धरणं वेगळं आणि पाणी सोडणं वेगळं. हे डोळ्यानं पाहिल्यावर मग खुशाल त्या दोन संज्ञा सांगा. आता त्यांचं मुलाला ओझं वाटत नाही.

संहिता फसली हे ओळखायच्या खुणा आहेत. मूल प्रत्येक वेळी ‘हो सर’, ‘मग पुढे?’ एवढंच म्हणत असेल तर ते आपलं व्याख्यानच आहे, मधेमधे मुलाचं नाव टाकलेलं. ‘सच्छिद्रता’ खोडून ‘बारीक भोकं’ लिहिलं आणि पुढं काहीच बदललं नाही, तर आपण फक्त शब्द सोपा केला. उपमेचंही तसंच. खडक स्पंजासारखा असतो असं आपण सहज म्हणतो. पण स्पंज पिळल्यावर पाणी देतो आणि खडकाला कुणी पिळत नाही. मूल विचारणारच, “मग विहिरीत पाणी येतं कसं?” उपमा जिथं तुटते ती जागा संहितेत सांगितली नाही तर ती उपमा चुकीची समज पेरते. आणि सोपं करायचं म्हणून जमिनीखाली नदी वाहते असं मुलाला सांगू नये. गाळायला हरकत नाही, पण जे नववीत गेल्यावर पुसून टाकावं लागेल ते पाचवीत लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

शेवटची कसोटी कागदावर होत नाही. संहिता खऱ्या मुलाला वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी त्याला संहितेत नसलेला प्रश्न विचारा. आपलंच बोलणं त्यानं परत म्हणून दाखवलं तर त्यातून त्याचं पाठांतर कळेल, एवढंच. या धड्यासाठी मी असा प्रश्न विचारेन: बोअर अजून शंभर फूट खोल नेला तर पाणी दुप्पट मिळेल का? पाणी भेगांत असतं हे ज्याला उमगलं आहे तो म्हणेल, “खाली भेगा असतील तर मिळेल.” एवढं उत्तर पुरे. खोल जावं तशा भेगा साधारणपणे कमी आणि बंद होत जातात, लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यात कुठं पाणी मिळतं, कुठं नाही, हे तुम्ही त्यापुढं सांगाल. मुलानं “हो, दुप्पट” म्हटलं तर मुलाला दोष देऊ नका. संहितेत कुठंतरी जमिनीखालच्या तळ्याचं चित्र राहून गेलं आहे, ते शोधा.

या रीतीच्या मर्यादाही मी जाणतो. सूत्राची सिद्धता किंवा प्रवाहाचं गणित दहा वर्षांच्या मुलासमोर तपासता येत नाही. कारणांची साखळी तुमच्या हातात आहे का, एवढंच इथं कळतं. आकडेमोड वेगळी तपासावी लागेल. शिवाय एका संहितेला दोन-तीन संध्याकाळी जातात. प्रत्येक धड्याला हे शक्य नाही आणि तसं करूही नये.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. या सत्रात तुमच्या विषयातला एकच धडा निवडा, जो तुम्ही वर्षानुवर्षं न अडखळता शिकवत आला आहात तोच. टिपणं मिटून त्याची दोन पानांची संहिता लिहा, एका मुलासमोर वाचा आणि पुढच्या बैठकीला ती सोबत आणा. ज्या प्रश्नाला तुम्हाला उत्तर देता आलं नाही तो खोडू नका. त्याखाली रेघ मारून आणा, आपण त्याच्यापासूनच बैठकीला सुरुवात करू.