पोळीभाजीच्या डब्यावरचा कर



पोळीभाजीचे डबे पुरविणाऱ्या आणि मुंजी-बारशांची जेवणे घेणाऱ्या लहान व्यावसायिकांच्या तोंडून वस्तू व सेवा कराविषयी जी तक्रार नेहमी ऐकू येते ती अशी की, गॅसवर, तेलावर, डब्यांवर आम्ही कर भरतो आणि त्याची वजावट मात्र सरकार आम्हांला देत नाही. तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु तिचा जमाखर्च कागदावर मांडून पाहिला असता, ज्या गोष्टीवर सर्वांचा रोष आहे ती फारशी महाग पडत नाही, आणि जिच्याकडे कोणाचे सहसा लक्ष जात नाही तीच वर्षअखेरीस जाणवते, असे आढळून येते.

जुलै २०१७ मध्ये हा कर सुरू झाला तेव्हा साध्या उपाहारगृहास १२ टक्के आणि वातानुकूलित उपाहारगृहास १८ टक्के असे दर होते व खरेदीवरील कराची वजावटही मिळत असे. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून ही व्यवस्था बदलून दर सरसकट ५ टक्क्यांवर आला, मात्र वजावट काढून घेण्यात आली. समारंभांतील भोजनव्यवस्थेस हाच नियम १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाला. घरपोच डबा, खाणावळ, कार्यालयातील कंत्राटी कॅन्टीन हे सर्व आज याच ५ टक्क्यांच्या सदरात मोडतात. ज्या हॉटेलांतील खोलीचे दिवसाचे भाडे साडेसात हजारांच्या वर असते, तेथे दिलेल्या जेवणावर तेवढा १८ टक्के कर वजावटीसह कायम आहे. लहान व्यावसायिकाने मनात आणले म्हणून त्याला ५ टक्के सोडून १८ टक्क्यांचा मार्ग पत्करता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीच्या एक काकू रोज साठ डबे देतात, डब्याला ९० रुपये घेतात आणि महिन्यातून २६ दिवस त्यांची चूल पेटते, असे धरून चालू. वर्षाची उलाढाल १६,८४,८०० रुपये होते. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात २० लाखांची असल्याने एवढ्यावर त्यांचा कराशी संबंध येत नाही. (मालाच्या व्यापाऱ्यास मिळणारी ४० लाखांची मर्यादा येथे उपयोगी नाही, कारण तयार जेवण देणे ही कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे.) परंतु लग्नसराईत मुंजी-बारशांची मिळून साडेतीन लाखांची कामे त्यांनी घेतली, की बेरीज २०,३४,८०० होते आणि मर्यादा ओलांडली जाते. बारावीपर्यंतच्या शाळेला दिलेल्या जेवणावर कर माफ असला, तरी त्याची रक्कमही या बेरजेत धरावी लागते, ही गोष्ट पुष्कळांना मागाहून कळते. मर्यादा ओलांडल्यापासून तीस दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज केला, तर ती ओलांडल्याच्या दिवसापासून पुढच्या विक्रीवर कर लागतो. मागील वीस लाखांवर तो बसत नाही. पुढील वर्षी मात्र पहिल्या डब्यापासूनच तो द्यावा लागतो.

गिऱ्हाईक ९० रुपयांच्या वर एक पैसा द्यायला तयार नाही असे मानले, तर या ९० रुपयांतच कर आला. म्हणजे १०५ भागांतील ५ भाग सरकारचे. पुढल्या वर्षीही उलाढाल तेवढीच राहिली, तर ही रक्कम ९६,८९५ रुपये होते. आता त्या गमावलेल्या वजावटीकडे पाहू. भाजीपाला, दूध, सुटे तांदूळ आणि सुटी कणीक यांवर कर नाहीच. दरमहा कर वगळून दहा हजारांचा व्यापारी गॅस आणि चार हजारांचे प्लास्टिकचे डबे यांवर १८ टक्क्यांनी, आणि वीस हजारांचे तेल, तूप व मसाले यांवर ५ टक्क्यांनी, असा महिन्याला ३,५२० रुपये कर खरेदीत दडलेला असतो. वर्षाचे ४२,२४० झाले. ही वजावट मिळावी म्हणून १८ टक्क्यांचा दर पत्करता आला असता, तर त्याच उलाढालीतून ३,१०,३९३ रुपये निघाले असते, आणि त्यातून वजावट वगळूनही दोन लाख अडुसष्ट हजारांवर भरावे लागले असते. अन्नाच्या धंद्यात मूळ खर्च करमुक्त जिनसांचा आणि माणसांच्या श्रमाचा असतो. वजावटीला मुळात फारसे काही उरतच नाही.

दुसरा मार्ग कंपोझिशन योजनेचा आहे. मागील वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असणाऱ्यास ती घेता येते. कर तिमाहीला आणि विवरणपत्र वर्षातून एकदा भरावे लागते. व्यापाऱ्याला या योजनेत १ टक्का कर पडतो, म्हणून तिचा लौकिक मोठा आहे. परंतु जेवण देणाऱ्यास तेथेही ५ टक्केच आहेत. शिवाय तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, बिलावर तसे छापावे लागते, आणि तो उलाढालीच्या पूर्ण रकमेवर मोजला जातो. काकूंना त्यामुळे १,०१,७४० रुपये भरावे लागतात, म्हणजे साध्या नोंदणीपेक्षा ४,८४५ रुपये अधिकच. सोय म्हणावी तर साध्या नोंदणीतही पाच कोटींखालच्या व्यावसायिकास विवरणपत्रे तिमाहीला देता येतात, केवळ कराचा भरणा मासिक राहतो. येथवरचा हिशेब पाहता मी तरी कोणाही खाणावळवाल्यास कंपोझिशनचा सल्ला देणार नाही.

परंतु काकूंचे स्वयंपाकघर स्वतःच्या घरात नसून एखाद्या भाड्याच्या व्यापारी गाळ्यात असेल, तर चित्र पालटते. गाळ्याचा मालक नोंदणीकृत नसल्यास त्या भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने स्वतः सरकारजमा करावा, असा नियम ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. जानेवारी २०२५ मध्ये कंपोझिशनवाल्यांना त्यातून वगळण्यात आले. साध्या नोंदणीतील काकू दरमहा बारा हजार भाडे देत असतील, तर त्यावर २,१६० रुपये, म्हणजे वर्षाला २५,९२० रुपये त्यांनी पदरचे भरावयाचे, आणि ५ टक्क्यांच्या दरामुळे त्याचीही वजावट नाही. एकूण भार १,२२,८१५ वर जातो. कंपोझिशनमध्ये तो १,०१,७४० वरच थांबतो. या उलाढालीच्या धंद्यात भाडे महिना सव्वादोन हजारांच्या पुढे गेले की कंपोझिशन स्वस्त पडू लागते, आणि एवढ्या भाड्यात आज गाळा कोठे मिळतो हे श्रोत्यांना मी सांगावयास नको.

आधीच नोंदणी झालेल्यांना ही योजना घ्यावयाची झाल्यास नवे आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, CMP-02 हा अर्ज भरावा लागतो; मध्येच विचार सुचून उपयोग होत नाही. म्हणून फेब्रुवारीतच भाडेकरार काढून त्यावर मालकाचा जीएसटी क्रमांक आहे की नाही, हे पाहून ठेवावे. मालक नोंदणीकृत असेल, तर १८ टक्के कर तोच आकारतो, तो काकूंना दोन्ही मार्गांत सारखाच द्यावा लागतो, आणि पारडे पुन्हा साध्या नोंदणीकडे झुकते.