रांगतं बाळ आणि जमिनीवर उतरलेली वीज



व्याख्यानमाला भर उन्हाळ्यात आहे. घरोघरी कूलर बाहेर निघाले आहेत. ज्या घरात सात-आठ महिन्यांचं बाळ रांगायला लागलंय, त्या घरासाठी मी आज बोलणार आहे.

आपल्या जुन्या घरांतले स्विचबोर्ड मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असतात. रांगतं बाळ तिथे पोचत नाही. नव्या बांधकामात पलंगाशेजारी खाली सॉकेट येऊ लागलेत, पण बहुतेक घरांत बाळाच्या हाताशी जी वीज येते ती आपणच खाली उतरवलेली असते. एक्स्टेन्शन बोर्ड, कूलर, टेबलफॅन आणि त्यांच्या वायरी, सगळं फरशीवर असतं.

असं एक घर डोळ्यांसमोर आणू. खिडकीजवळ लोखंडी पत्र्याचा कूलर, गावातच बनवून घेतलेला. बोर्ड लांब, म्हणून मध्ये एक्स्टेन्शन. कूलरला दोन पिनांचा प्लग. टाकी भरताना सांडलेलं पाणी फरशीवर. कुणी म्हणतं, "कूलरला जरा करंट उतरतोय." मग प्लग काढून उलटा घालतात. झिणझिण्या थांबतात आणि सगळ्यांना वाटतं, काम झालं.

काम झालेलं नसतं. टाकीतल्या पंपाचं किंवा पंख्याच्या मोटरचं इन्सुलेशन ओलाव्याने खराब झालं की वीज पत्र्यावर येते. प्लग उलटा केल्यावर फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल होते, म्हणून काही वेळा झटका जाणवत नाही. दोष मात्र आतच राहतो. उद्या कुणी प्लग काढून पुन्हा पहिल्यासारखा लावला की पत्रा परत जिवंत होतो.

मोठ्या माणसाच्या पायात चप्पल असते. तो एका बोटाने पत्रा चाचपतो आणि त्याला नुसती झिणझिणी येते. बाळाचे गुडघे आणि तळवे उघडे असतात, ओल्या फरशीला टेकलेले असतात. ते पत्र्याला धरून उभं राहू पाहतं. करंट हातातून शिरतो आणि छातीतून जाऊन गुडघ्यातून जमिनीत उतरतो. त्यामुळे आपल्याला जाणवलेली झिणझिणी हे बाळाच्या धोक्याचं माप नव्हे.

थोडा हिशेब करू. घरातला दाब 230 व्होल्ट. ओल्या शरीराचा विरोध ढोबळमानाने 1000 ओहम धरला, तर करंट येतो 230 मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला याहून बराच कमी करंट पुरतो. आता आपल्या मीटरजवळची एमसीबी बघा. सहा अँपिअरची असली तरी तिचा आकडा 6000 मिलिअँपिअरचा. बाळातून जाणाऱ्या करंटची तिला जाणीवच होत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नव्हे.

माणसासाठी असते ती आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरची. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे ती पाहते. कमी आला, म्हणजे कुठेतरी जमिनीत गेला, आणि ती सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. तिच्यावर 'टेस्ट'चं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. ती लगेच पडली पाहिजे. पडली नाही तर बदला. वीज सतत घरातच कुठेतरी गळत असेल, तर ती वारंवार पडते. अशा वेळी तिला वगळून जोडणी करू देऊ नका. दोष शोधून काढा.

तिच्या जोडीला अर्थिंग हवं. कूलरच्या पत्र्याला घट्ट बोल्टने अर्थिंगची वायर, तीन पिनांचा प्लग आणि बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रामागे खरोखर जमिनीपर्यंत गेलेली तार. अशी जोडणी असली तर पत्र्यावर वीज उतरताच आरसीसीबी पडते, बाळाने हात लावायची वाट पाहत नाही. पुष्कळ घरांत ते तिसरं छिद्र मागून रिकामं असतं, किंवा न्यूट्रलला जोडून ठेवलेलं असतं. न्यूट्रल तुटलं की हीच जोडणी कूलरच्या पत्र्यावर वीज आणते. वायरमनकडून हे तपासून घ्या. टाकी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

आता एक्स्टेन्शन बोर्ड. चांगल्या सॉकेटच्या आत झडपा असतात. वरची लांब पिन शिरली की खालच्या दोन झडपा उघडतात. दुरूनच पाहा: छिद्रात प्लास्टिकचा पडदा दिसला तर झडप आहे, आतलं पितळ चमकलं तर नाही. दोन पिनांचा चार्जर बसावा म्हणून वरच्या छिद्रात पेन खुपसून झडप उघडायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. समोर बसलेलं बाळ ते टक लावून पाहत असतं.

बाळ प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. सेट-टॉप बॉक्सच्या किंवा लॅपटॉपच्या अडॅप्टरला लागणाऱ्या वायरचं छिद्रांचं टोक उपकरणातून काढून तसंच लोंबत ठेवलं, तर त्या टोकात पूर्ण 230 व्होल्ट असतात. लाळेमुळे दोन्ही छिद्रांमध्ये करंट वाहतो आणि ओठाचा कोपरा भाजतो. इथे आरसीसीबीही कामाची नाही. करंट एका छिद्रातून येतो आणि दुसऱ्यातून परत जातो, जमिनीत काहीच जात नाही. तिला वाटतं, दिवा चालू आहे. म्हणून उपकरण काढलं की वायर भिंतीकडच्या टोकापासून काढायची. एक्स्टेन्शन जमिनीवर न ठेवता भिंतीला उंचावर स्क्रूने बसवायचं. सॉकेटमध्ये बसणारी प्लास्टिकची टोपणं सहज निघत असतील, तर ती बाळाच्या घशात अडकू शकतात.

टेबलफॅन जमिनीवर नको. त्याच्या जाळीतून तुमची करंगळी जात असेल तर बाळाची चारही बोटं जातील. शिवाय लाईट गेल्यावर पंख्याचा स्विच चालूच राहतो, बाळ थांबलेल्या पात्याशी खेळायला लागतं आणि लाईट येते. लाईट गेली की आधी प्लग काढा.

तरीही शॉक बसलाच, तर बाळाला आधी हात लावू नका. मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पाडल्यावरही त्याची लाईन चालू राहते. स्विच जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारा. श्वास चालत नसेल तर 108 ला फोन लावायला सांगा आणि लगेच बाळाची छाती दोन्ही हातांच्या कवेत धरून छातीच्या मधोमध दोन्ही अंगठ्यांनी दाब द्यायला सुरुवात करा: 30 दाब, मग दोन हलके श्वास.

ओठ भाजला असेल तर जखम लहान दिसते, बाळ खेळायलाही लागतं. तरी दवाखान्यात न्याच. साधारण पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत खपली निघताना ओठातली रक्तवाहिनी उघडी पडून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. तसं झालं तर स्वच्छ कापडाने तो ओठ आतून-बाहेरून चिमटीत घट्ट दाबून धरा आणि तसंच दवाखाना गाठा.

आज घरी गेल्यावर एकदा बाळाच्या उंचीवर, हातागुडघ्यांवर येऊन खोली पाहा. हाताला लागेल अशी प्रत्येक वायर वर घ्या. आणि कूलरचा दोन पिनांचा प्लग या आठवड्यात बदला, अर्थिंगसकट. तोवर तो कूलर लावू नका.