फोटो टाकण्याआधी काय झाकायचं?



गेल्या दिवाळीत आमच्या गटाला मसाल्याच्या आणि चकली भाजणीच्या बाहेरगावच्या अकरा ऑर्डरी आल्या. सगळी पार्सलं बांधून झाली, ओळीनं मांडली आणि आम्ही हौसेनं फोटो काढला. "आमचा माल निघाला पुण्या-मुंबईला" असं लिहून तो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवला, चार ग्रुपवरही टाकला.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका गिऱ्हाईक ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अहो, मला कुणाचा तरी फोन आला होता. तुमच्या गटाचं पार्सल पत्ता चुकल्यामुळं अडकलंय, लिंक उघडून दहा रुपये भरा म्हणत होता. माझं नाव, सोसायटी, घर नंबर सगळं त्याला ठाऊक! माझा पत्ता गेला कुठून?" त्यांनी लिंक उघडली नाही, म्हणून निभावलं. आम्ही आमचाच फोटो बोटांनी मोठा करून बघितला, तर पुढच्या तीन पार्सलांवरची नावं, पत्ते, मोबाईल नंबर स्वच्छ वाचता येत होते. त्या ताईंचं पार्सल त्यातलंच एक. फोटोमुळंच हे झालं असं आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. पण पत्ता आमच्या भरवशावर दिलेला होता आणि तो आम्ही चव्हाट्यावर मांडला, एवढं खरं.

त्यानंतर घाबरून आम्ही उलटी चूक केली. मसाल्याच्या पाकिटाच्या फोटोतलं सगळंच खोडलं. गटाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर, काही ठेवलं नाही. लगेच एका काकूंनी विचारलं, "लायसन नाही का गं तुमच्याकडं?" त्यांचं बरोबर होतं. हा मजकूर पाकिटावर असलाच पाहिजे असा कायदा आहे, आणि गिऱ्हाईक तोच बघून विश्वास ठेवतं. तो झाकायचा नसतो.

मग झाकायचं काय? आम्ही बसून एक प्रश्न ठरवला. हा नंबर आपल्या पुष्कळ मालावर सारखाच आहे, की फक्त या एका वस्तूचा, या एका माणसाचा आहे? परवाना नंबर सगळ्या पाकिटांवर तोच. बॅच नंबर त्या घाण्याच्या सगळ्या पाकिटांवर तोच. तो दिसू द्या. पण गिऱ्हाइकाचा पत्ता त्या एकाच बाईचा. स्पीड पोस्टचा तेरा अक्षरांचा नंबर त्या एकाच पार्सलचा. तो टाकला की पार्सल कुठं पोचलं हे कुणालाही बघता येतं. हे झाका. आणि नंबर झाकून त्याच्या वरचा बारकोड उघडा ठेवू नका, कारण त्या रेघांत तोच नंबर असतो.

आमच्यातल्या एकीला जुना मोबाईल विकायचा होता. तिथंही हाच प्रश्न लावला. खोक्यावरचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर त्या एकाच फोनचा, म्हणून फोटोत झाकला. नाहीतर तोच फोटो आणि नंबर वापरून दुसरा कुणी खोटी जाहिरात करू शकतो. बिलावरचं नाव आणि पत्ताही झाकला. पण जो खरंच घ्यायला आला, त्याला समोरासमोर नंबर दाखवला. फोन चोरीचा नाही ना, हे बघायचा त्याला हक्क आहे. KYM, मग एक जागा सोडून आयएमईआय नंबर, असा मेसेज 14422 ला पाठवला की फोनची माहिती येते.

आता झाकायचं कसं? मोबाईलमधल्या रंगीत मार्करनं आधी आम्ही पत्ता खोडत होतो. दिसायला खोडलेला, पण फोटोचा उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसायची, कारण तो रंग पातळ असतो. धूसर केलेले मोठे आकडेही कधी कधी ओळखू येतात. म्हणून आता फोटो काढण्याआधीच पार्सलवर कागदाची पट्टी ठेवतो, किंवा पार्सल उलटं मांडतो. फोटोत जे आलंच नाही, ते कुणी उकरून काढणार नाही. जुनाच फोटो वापरायचा असेल तर तेवढा भाग कापून टाकतो.

फोटो झाला की एक जण तो मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यानं वाचते. मागं घराची पाटी, स्कूटीचा नंबर, टेबलावरची ऑर्डरींची वही आलीय का, हे ती बघते. काढणारीला मसालाच दिसतो, म्हणून बघणारी दुसरी हवी.

त्या पुण्याच्या ताईंची आम्ही फोन करून माफी मागितली, आणि बाकीच्या दोघींनाही असा फोन आला तर पैसे भरू नका म्हणून कळवलं. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करायची, हेही सांगितलं. ताईंनी यंदाही भाजणी मागवलीय. पार्सल निघालं, पण फोटोत फक्त त्याची पाठ आहे.