पैसे गेले की राहिले?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दहा मिनिटे दिली आहेत, आणि विषयही त्यांनीच दिला आहे. मोबाईलवरून पैसे पाठवताना मध्येच ‘सेशन संपले, पुन्हा लॉगिन करा’ अशी पाटी येते आणि पडदा मिटतो. पैसे गेले की खात्यातच राहिले, काही कळत नाही. आपल्यापैकी निदान निम्म्या जणींवर ही पाळी आली असेल.

ही पाटी म्हणजे काय, ते आधी सांगते. फोन उघडा ठेवून आपण कुकर उतरवायला गेलो, तर दुसऱ्या कोणी खात्यात हात घालू नये, म्हणून काही मिनिटे हालचाल दिसली नाही की बँक आपण होऊन दार लावते. कधी रेंज गेल्यामुळेही तसेच होते. म्हणजे मिटते ते आपले व बँकेचे बोलणे. पैशांचा हुकूम ही निराळी गोष्ट आहे. बँकेच्या खिडकीशी आपण उभ्या आहोत आणि एकदम झडप खाली आली असे समजा. आपली स्लिप अजून हातातच असेल, तर काही झालेले नाही. परंतु कारकुनाने ती आत नेली असेल, तर झडप पडली तरी काम आत चालूच राहते.

तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा की, ओटीपी किंवा पिन घालून शेवटचे बटण आपण दाबले होते का? दाबले नसेल तर निर्धास्त राहावे. नुसता ओटीपी आला म्हणून पैसे जात नाहीत. दाबले असेल, तर मात्र खाते पाहिल्यावाचून काही म्हणता येणार नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींची हकीकत सांगते. त्यांच्या परवानगीनेच सांगते आहे. 2025 च्या जुलै महिन्यात मुलाच्या वसतिगृहाचे 12,000 रुपये भरायचे होते. त्याच दिवशी शेवटची मुदत. खात्यात 31,240 रुपये होते. दुपारी साडेचारच्या सुमारास त्यांनी मुलाच्या खात्यावर आय.एम.पी.एस.ने, म्हणजे तात्काळ पोहोचणाऱ्या मार्गाने, पैसे पाठवायला घेतले. ओटीपी घातला, बटण दाबले, चाक फिरत राहिले आणि ती पाटी आली. मुलाचा फोन, ‘आई, काही आले नाही.’ वहिनींच्या फोनवर बँकेचा संदेशही नाही. मुलगा म्हणाला, पुन्हा पाठव.

इथेच थांबायचे असते. संदेश आला नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असे मुळीच नाही. संदेश उशिराने येतात, कधी येतही नाहीत. आमच्याच आळीत एकींनी अशा वेळी घरभाडे दुसऱ्यांदा पाठवले आणि दोन्ही वेळचे जाऊन पोहोचले. मालक भला माणूस, त्याने पुढच्या महिन्यात वळते करून घेतले. पण एकदा दुसऱ्याच्या खात्यात नीट जमा झालेली रक्कम त्याच्या संमतीशिवाय बँक सहसा काढून देत नाही. सगळेच मालक भले नसतात.

वहिनी पुन्हा लॉगिन करून आत गेल्या. आत दोन ठिकाणे असतात. एकात आपण दिलेल्या हुकुमांची यादी असते. तिथे ‘पेंडिंग’ लिहिले होते. त्यावरून काहीच उमगत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे खात्याचा उतारा, आपले पासबुकच. भरवसा ठेवायचा तो त्यावर. तिथे 12,000 रुपये नावे पडलेले होते, खाली 5 रुपये 90 पैसे आकार, आणि शिल्लक 19,234 रुपये 10 पैसे. नुसती शिल्लक पाहू नका, नोंद पाहा. शिल्लक विजेच्या बिलानेही कमी होते. त्या नोंदीत बारा आकड्यांचा संदर्भ क्रमांक असतो. तो वहिनींनी किराण्याच्या वहीत उतरून घेतला. ज्यांना मोबाईलवर हे जमत नाही त्यांनी एटीएममधून छोटा उतारा काढावा किंवा पासबुक छापून आणावे.

आता पैसे इकडून निघाले हे ठरले. तिकडे पोहोचले का? मुलाने संदेशाची वाट न पाहता स्वतःच्या खात्याचा उतारा पाहिला. तिथे त्या क्रमांकाची नोंद नव्हती. म्हणजे रक्कम दोन बँकांच्या मध्ये अडकली होती. भगिनींनो, अडकली म्हणजे बुडाली नव्हे. दोन्ही बँका मागाहून आपापल्या याद्या ताडून पाहतात. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी परिपत्रक काढून नियम घातला आहे. आय.एम.पी.एस. किंवा यू.पी.आय.ने एकाकडून दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेली रक्कम नावे पडली पण जमा झाली नाही, तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे दर दिवसाच्या उशिराला 100 रुपये भरपाई, तीही आपण न मागता. दुकानदाराला यू.पी.आय.ने दिलेल्या पैशांना मात्र पाच दिवसांची मुदत आहे. आणि खाते क्रमांक चुकून पैसे भलत्याकडे जमा झाले असतील, तर हा नियम लागू नाही.

एन.ई.एफ.टी.चे तंत्र थोडे वेगळे. तिथे पैसे दर अर्ध्या तासाच्या खेपेने निघतात आणि खेप सुटल्यावर दोन तासांच्या आत जमा व्हावे लागतात. त्यामुळे त्या मार्गाने पाठवले असतील तर तासाभरात घाबरून जायचे कारण नाही.

पण वहिनींची मुदत त्याच दिवशी संपत होती. शिल्लक 19,234, पुन्हा पाठवता आले असते, परंतु पहिलेही मागाहून पोहोचले असते तर महिन्याअखेरपर्यंत घरात सुमारे 7,200 रुपयेच उरले असते. मला वाटते, दोन्ही रकमा गेल्या तरी घर चालेल आणि पैसे आपल्याच माणसाकडे जाणार असतील, तरच दुसऱ्यांदा पाठवावे. वहिनींनी तसे केले नाही. मुलाला संदर्भ क्रमांक व उताऱ्याचे छायाचित्र पाठवले. ते पाहून वसतिगृहातल्या कारकुनाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सवलत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उताऱ्यात त्याच क्रमांकाची उलट नोंद आली, 12,000 जमा. नंतरच वहिनींनी पुन्हा पाठवले.

पैसे परत आले नसते तर? बँकेकडे तक्रार करायची आणि तक्रारीचा क्रमांक घ्यायचा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही. बँकेचा फोन नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. इंटरनेटवर शोधू नका, तिथे ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. ‘पैसे परत करतो, पिन घाला’ असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्या. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी लागत नाही.

तक्रारीच्या अर्जात तारीख, वेळ, रक्कम, मार्ग, संदर्भ क्रमांक आणि दोन्ही खात्यांच्या उताऱ्यांच्या नकला असाव्यात. मराठीत लिहिलेला असा एक नमुना मी वहीच्या पानावर आणला आहे. ज्यांना उतरून घ्यायचा असेल त्यांनी अल्पोपाहाराच्या वेळी माझ्याकडे यावे.