अभिप्राय-पत्रकाचे वाचन

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अखत्यारीतील महाविद्यालयांत, मग ते धुळ्याचे असो वा यावलचे, विद्यार्थ्यांची अभिप्राय-पत्रके दप्तरी दाखल झाली की बहुधा केवळ सरासरी काढली जाते. आणि तेथेच, माझ्या मते, अध्यापकावर अन्याय होण्यास आरंभ होतो.

समजा, साठांच्या वर्गातून तीस पत्रके आली आणि पाचांपैकी सरासरी तीन भरली. तिसांनीही तीनच गुण दिले असतील, तर अध्यापन मध्यम ठरते. परंतु पंधरांनी पाच आणि पंधरांनी एक दिला असेल, तर वर्ग दुभंगलेला आहे, आणि त्याचे कारण शेऱ्यांतच शोधावे लागते. ‘गुण हात राखून देतात’ ही कठोरपणाची तक्रार होय. ‘शंका विचारली की अपमान करतात’ ही मात्र अध्यापनातील दोषाची, म्हणून दोहोंची नोंद निरनिराळी ठेवावी. पत्रके न देणाऱ्या उरलेल्या तिसांचे मतही गृहीत धरू नये.

लोकप्रियतेची पारख याहून अवघड. अमेरिकेच्या वायुसेना अकादमीतील विद्यार्थ्यांविषयी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांच्या हाताखाली प्रारंभिक गणितात गुण अधिक मिळाले आणि ज्यांना अभिप्रायही चांगले लाभले, त्या प्राध्यापकांचे विद्यार्थी पुढील प्रगत गणितात तुलनेने मागे पडले. म्हणून खातेप्रमुखाने पत्रकाशेजारी त्याच विद्यार्थ्यांचा पुढील सत्राचा निकाल मांडावा, आणि ‘सर आवडतात का?’ याऐवजी ‘तपासलेली उत्तरपत्रिका चुका दाखवून परत मिळाली का?’ असे विचारावे.