शॉर्ट्सचे पैसे: कर्ज काढण्याआधी हिशेब मांडा

मी मुंबईतल्या नाहूरहून बोलतेय. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं हे स्टेशन. "मोबाइलवर छोटे व्हिडिओ टाकून घर चालतं म्हणे, मग गटातून कर्ज घेऊन चांगला फोन घेऊ का?" असं बऱ्याच जणी विचारतात. आज यूट्यूबच्या शॉर्ट्सचाच हिशेब करू.

शॉर्ट्सवरच्या जाहिरातींतला वाटा द्यायला यूट्यूबने १ फेब्रुवारी २०२३ पासून सुरुवात केली. तो मिळायला आधी १,००० सबस्क्रायबर लागतात, आणि ९० दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळा पाहिले जावे लागतात. म्हणजे रोज लाखाच्या वर. नाहीतर मोठे व्हिडिओ वर्षभरात ४,००० तास पाहिले गेले तरी चालतं. ५०० सबस्क्रायबरवर आधीच प्रवेश मिळतो, पण त्यात जाहिरातीचा वाटा नसतो. आणि अट पूर्ण करून करार स्वीकारण्याआधी जे पाहिलं गेलं, त्याचे पैसे मागाहून मिळत नाहीत.

आता समजा, नाहूरची एक बाई वालाचं बिरडं, घावन असे शॉर्ट्स टाकते आणि सगळ्या अटी पार करते. महिन्यात तिचे शॉर्ट्स एक लाख वेळा पाहिले गेले. हजारामागे तिच्या हातात दोन रुपये पडतात असं धरू. मग महिन्याचे झाले २०० रुपये. हा भाव ठरलेला नसतो, कमी-जास्त होतो. शिवाय खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. डॉलर ८५ रुपये धरला तर ते झाले ८,५०० रुपये. महिना दोनशेने तिथवर जायला साडेतीन वर्षं लागतील. गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरायचा असतो.

अजून एक मेख आहे. व्हिडिओखाली दिसणारा आकडा नुसता सुरू झालेला व्हिडिओही मोजतो. पैसे मात्र, लोक थांबून पाहतात त्या संख्येवर ठरतात. म्हणून कुणी "माझे दहा लाख झाले" म्हणाली, तर तिला यूट्यूब स्टुडिओमधला 'RPM' विचारा. हजारामागे हातात किती पडले, ते तिथे दिसतं.

आणि चॅनल "चालू करून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. या कार्यक्रमात यायला यूट्यूब फी घेत नाही.

मग शॉर्ट्स करूच नयेत का? करा, पण हातातल्या फोनवर. तुमचे पापड, मसाले विकायचे असतील तर शॉर्ट ही दुकानाची पाटी समजा. त्यावरून पाव किलो मसाल्याच्या दोन ऑर्डरी आल्या, तरी वरच्या दोनशेपेक्षा जास्त सुटू शकतात. वहीत दोन रकाने करा: यूट्यूबकडून किती आले आणि ऑर्डरींतून किती सुटले. तीन महिन्यांनी वही गटाच्या बैठकीत ठेवा आणि कर्जाचं तेव्हाच ठरवा.